एक टिंगू, एक लंबू?

ठेंगणी मुलगी दिसली की आपण ‘टिंगू’ म्हणतो आणि उंच मुलीला ‘शिडी’. मग नागपूरच्या ज्योती आमगे आणि तुर्कस्तानच्या रुमेसा गेलगी यांना काय काय ऐकावं लागत असेल!

ज्योतीताईंची उंची ६२.८ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम दोन फूट. मोठ्या झाल्या तरी लोक त्यांना बाळच समजणार! पण त्या सगळ्यांसारख्या शाळेत गेल्या. फक्त बाक-खुर्ची छोटी. पुढे त्या अभिनेत्री झाल्या. लोक बघणारच, तर आपलं काम बघू देत!

रुमेसाताई २१५.१६ सेंटिमीटर, म्हणजे सात फुटांहून उंच. वीव्हर सिंड्रोम या दुर्मिळ आजारात शरीर भराभर वाढतं. चालायला त्रास होतो, म्हणून त्या बहुतेक वेळ चाकाच्या खुर्चीत असतात. लहानपणी त्यांना खूप चिडवलं गेलं. आता त्या स्वतःच लोकांना या आजाराची माहिती देतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये दोघी लंडनला चहाला भेटल्या. नजरेला नजर मिळवताना जरा पंचाईत झाली खरी! पण दोघींची आवड एकच निघाली : नटणं-मुरडणं, दागिने आणि नखं रंगवणं.

आता सांगा, तुमच्या वर्गातल्या ‘टिंगू’ला किंवा ‘शिडी’ला काय आवडतं, ते कधी विचारलंत का?