बिटकॉइन, सोने आणि महागाई

बिटकॉइनला डिजिटल सोने म्हणतात ते एका आकड्यामुळे. तो आकडा म्हणजे २ कोटी १० लाख. यापेक्षा जास्त बिटकॉइन कधीच निघणार नाहीत, असे या नाण्याच्या नियमांतच लिहिलेले आहे. रुपया, डॉलर किंवा तुर्कस्तानचा लिरा यांना अशी मर्यादा नाही. मध्यवर्ती बँक आणि कर्जे देणाऱ्या इतर बँका मिळून त्यांचा पुरवठा वाढवत राहतात. बाजारातल्या मालापेक्षा पैसा वेगाने वाढला की भाव चढतात आणि साठवलेल्या पैशाची किंमत झिजते. ज्याचा पुरवठा कोणालाच वाढवता येत नाही असे नाणे जवळ ठेवले तर ही झीज टळेल, असा बिटकॉइनच्या समर्थकांचा दावा आहे. तो तपासायचा तर ही मर्यादा नेमकी कशी पाळली जाते ते आधी पाहावे लागते.

बिटकॉइनचे व्यवहार ब्लॉक नावाच्या गठ्ठ्यांत नोंदले जातात आणि साधारण दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक तयार होतो. तो ब्लॉक जोडण्याचे गणित ज्याच्या संगणकाने आधी सोडवले, त्याला नवी नाणी मिळतात. जानेवारी २००९ मध्ये सुरुवात झाली तेव्हा हे बक्षीस ५० नाण्यांचे होते. दर २,१०,००० ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण चार वर्षांनी, ते निम्मे होते. हा सगळा नियम संगणकाच्या भाषेत दोन ओळींत मावतो:

```
CAmount nSubsidy = 50 * COIN;
nSubsidy >>= halvings;
```

पहिली ओळ ५० नाणी ठरवते आणि दुसरी जितक्या वेळा निम्मे करायचे तितक्या वेळा निम्मे करते. बाकीचा हिशेब पाटीवरही करता येईल. पहिल्या टप्प्यात २,१०,००० गुणिले ५० म्हणजे १ कोटी ५ लाख नाणी निघाली. दुसऱ्या टप्प्यात त्याच्या निम्मी, साडेबावन्न लाख. तिसऱ्यात त्याच्याही निम्मी. अशी निमकी कितीही वेळा मिळवत गेले तरी बेरीज पहिल्या आकड्याच्या दुपटीपुढे जात नाही, आणि ती दुप्पट म्हणजेच २ कोटी १० लाख. एप्रिल २०२४ मध्ये चौथ्यांदा निम्मे झाल्यावर बक्षीस ३.१२५ नाण्यांवर आले. दिवसाला १४४ ब्लॉक धरले तर रोज ४५० नवी नाणी निघतात. त्या वेळी निघालेली नाणी १ कोटी ९७ लाखांच्या घरात होती, म्हणजे वर्षभराची भर एक टक्क्याहूनही कमी. जगात आजवर खणून काढलेले सोने दोन लाख टनांच्या वर आहे आणि खाणींतून दरवर्षी साडेतीन हजार टनांच्या आसपास नवे सोने निघते. ही वाढ दीड टक्क्याच्या वर जाते. दुर्मिळतेच्या या एका कसोटीवर बिटकॉइन आज सोन्यापेक्षा सरस आहे, हे मान्य करायलाच हवे.

त्यात आणखी एक बारकावा आहे आणि पुढच्या सगळ्या विवेचनाची किल्ली त्यातच आहे. भाव वाढला की गणित सोडवायला आणखी संगणक येतात. मग नाणी भराभर निघायला हवीत, पण तसे होत नाही. दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, प्रणाली गणिताची काठिण्यपातळी बदलते आणि दहा मिनिटांची चाल कायम ठेवते. किंमत दसपट झाली तरी पुरवठा ठरल्या वेगानेच येतो.

ही मर्यादा मोडता येईल का, ही शंका रास्त आहे. १५ ऑगस्ट २०१० रोजी ती एकदा मोडलीही होती. बेरजेच्या एका चुकीचा फायदा घेऊन कोणीतरी ७४,६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये १८ हजार कोटींहून अधिक बिटकॉइन निर्माण केले. चूक काही तासांत दुरुस्त झाली आणि नाणे चालवणाऱ्यांनी तो ब्लॉक टाकून देऊन नोंदवही त्याच्या आधीपासून पुन्हा पुढे नेली. तेव्हा हे जग लहान होते, म्हणून ते जमले. आज नियम बदलायचा तर जगभर स्वतःच्या संगणकावर नोंदवही तपासणाऱ्या हजारो लोकांनी नवी आज्ञावली स्वीकारायला हवी, आणि आपल्याच नाण्याची दुर्मिळता घटवायला ते राजी होतील असे दिसत नाही. त्यामुळे मर्यादेला धोका आहे, पण तो मोठा नाही. खरी अडचण वेगळीच आहे: दुर्मिळ असणे आणि महागाईपासून वाचवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुर्कस्तानच्या अनुभवातून हे स्पष्ट दिसते. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथली वार्षिक महागाई सरकारी आकड्यांनुसार सुमारे २० टक्के होती. वर्षभरात ती ८५ टक्क्यांवर गेली. डिजिटल सोन्याचा दावा खरा ठरायला याहून योग्य जागा आणि वेळ मिळणे कठीण. इस्तंबूलच्या एखाद्या दुकानदाराने १० नोव्हेंबर २०२१ रोजी आपली लिरातली शिल्लक तीन ठिकाणी सारखी वाटली असे धरू: डॉलरच्या नोटा, सोने आणि बिटकॉइन. त्या दिवशी डॉलर ९.८ लिराच्या आसपास होता. त्याच दिवशी अमेरिकेतली महागाई ६.२ टक्के झाल्याची बातमी आली आणि बिटकॉइन ६९,००० डॉलरच्या तेव्हाच्या उच्चांकाजवळ पोहोचला. म्हणजे एक नाणे पावणेसात लाख लिरांना पडले.

२०२२ च्या अखेरीस डॉलर १८.७ लिरांवर होता, म्हणून नोटांची किंमत जवळजवळ दुप्पट झाली. सोन्याचा डॉलरमधला भाव दोन्ही वेळी १,८०० च्या थोडा वरच होता, त्यामुळे लिरात तेही दुपटीच्या जवळ गेले. दोघांनी मिळून महागाईची बरीचशी भरपाई केली. बिटकॉइन मात्र १६,५०० डॉलरवर आला होता. लिरात मोजले तर पावणेसात लाखांचे तीन लाख दहा हजारांच्या आत झाले. तेवढ्या काळात बाजारातल्या वस्तू मात्र कितीतरी महागल्या. लिरापासून पळून ज्याचा आसरा घेतला, त्याने लिराच्याही मागे टाकले.

उलट बाजूही याच देशात आहे. जानेवारी २०१९ मध्ये बिटकॉइन ३,८०० डॉलरच्या आसपास होता आणि डॉलर सव्वापाच लिरांचा, म्हणजे नाणे वीस हजार लिरांचे. त्या वेळी घेऊन २०२२ च्या अखेरपर्यंत, एवढी पडझड सोसूनही, धरून ठेवणाऱ्याच्या पैशाचे पंधरापट झाले. सरकारी मोजणीनुसार त्या चार वर्षांत तिथले भाव तिप्पटीच्या थोडे खाली राहिले. बिटकॉइनचे समर्थक याच उदाहरणावर बोट ठेवतात आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. चार-पाच वर्षे थांबलेल्या बहुतेकांना आजवर महागाईपेक्षा खूप जास्त मिळाले आहे. पण ही कमाई नाण्याची मागणी नगण्य होती तिथून जगभर पसरण्याच्या काळातली आहे. मूठभर लोकांच्या हातातली वस्तू कोट्यवधींच्या हातात गेली की भाव चढतोच. असा प्रसार एकदाच होतो. तो पूर्ण झाल्यावर भाव कसा वागेल, हे या काळाच्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

मग २०२२ मध्ये भाव पडला का? मर्यादा तर एका नाण्यानेही हलली नव्हती. मार्चपर्यंत शून्याजवळ असलेला व्याजदर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने डिसेंबरपर्यंत सव्वाचार ते साडेचार टक्क्यांवर नेला. नुसत्या ठेवीवर व्याज मिळू लागले, तेव्हा व्याज न देणाऱ्या आणि जोखमीच्या वस्तूंमधून पैसा बाहेर पडला. तंत्रज्ञान कंपन्यांचे शेअर पडले आणि बिटकॉइनही त्यांच्याबरोबर, त्यांच्याहून जास्त पडला. ज्या महागाईपासून त्याने वाचवायचे, तिच्यावरच्या औषधानेच तो आजारी पडला.

पुरवठा पक्का असल्याचा इथे तोटाच होतो. सोन्याचा भाव चढला की खाणवाले कमी प्रतीची मातीही धुवायला घेतात आणि घराघरांतून मोड सराफाकडे येते. लग्नातल्या पाटल्या, तुटलेली साखळी, जोड हरवलेले कानातले असे जुने सोने बाजारात येते आणि भावाला थोडा आवर बसतो. भाव पडला की मोड थांबते आणि दागिन्यांची गिऱ्हाइके वाढतात. बिटकॉइनला अशी मोड नाही आणि दागिना म्हणून मागणीही नाही. जुने धारक विकतात, पण नवा पुरवठा किमतीकडे पाहतच नाही. त्यामुळे मागणीतला प्रत्येक हेलकावा थेट भावावर आदळतो. नाण्यांची संख्या घट्ट बांधली, म्हणूनच किंमत सुटी राहिली.

सोन्याची बाजूही पूर्ण धुतली गेलेली नाही, हे टीकाकार अनेकदा विसरतात. जानेवारी १९८० मध्ये सोने एका औंसाला ८५० डॉलरवर गेले होते. १९९९ मध्ये ते बहुतेक काळ २५० ते ३०० डॉलरांच्या दरम्यान होते, आणि मधल्या काळात अमेरिकेतले भाव दुप्पट झाले होते. वीस वर्षे सोन्यानेही महागाईपासून वाचवले नाही. म्हणून दोघांतला फरक पिढ्यांच्या मापाने मोजावा लागतो. सोन्याचा अनुभव हजारो वर्षांचा आहे, बिटकॉइनचा २००९ पासूनचा. सोन्यासारखी दुसरी धातू कोणाला बनवता येत नाही. कमाल संख्या ठरवलेले दुसरे नाणे मात्र कोणीही काढू शकतो. लाइटकॉइनची मर्यादा ८ कोटी ४० लाख आहे, पण त्या मर्यादेने त्याला बिटकॉइनची किंमत दिलेली नाही. किंमत देतो तो लोकांचा विश्वास, आणि तो कोणत्याही आज्ञावलीत लिहिता येत नाही.

भारतातल्या बचतदारासाठी या हिशेबात कराचाही मोठा वाटा आहे. १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. समजा, कोणी एक लाखाचे बिटकॉइन घेतले, काही वर्षांत देशातले भाव ५० टक्क्यांनी वाढले आणि नाणेही अगदी तितकेच वाढून दीड लाखाचे झाले. म्हणजे महागाईची भरपाई तंतोतंत झाली. तरीही विकताना ५० हजारांच्या नफ्यावर १५,६०० रुपये कर जाईल आणि हाती १,३४,४०० रुपये येतील. पूर्वी लाखात येणारा माल आता दीड लाखाला पडतो, म्हणजे साडेपंधरा हजारांची खोट. दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेल्या सोन्यावर, जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साडेबारा टक्के दराने, उपकर धरून ६,५०० रुपये जातील. याच कराने हाती महागाईइतके उरायचे असेल, तर बिटकॉइनला ५० टक्क्यांऐवजी सुमारे ७३ टक्के वाढावे लागेल.