अंगठ्याचं मृत्युपत्र आणि वीस गुंठे

एक उदाहरण घेऊ. पोलादपूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने स्वकष्टाने 80 गुंठे भातजमीन घेतली. तो वारला. मागे पत्नी, दोन मुलगे आणि महाडला दिलेली मुलगी. तेराव्यानंतर थोरल्याने मृत्युपत्र काढलं : सगळी जमीन त्याची. तारीख मृत्यूच्या आठ दिवस आधीची, वडील दवाखान्यात असतानाची. जन्मभर सही करणाऱ्या माणसाचा खाली अंगठा.

गैरसमज : लग्न झालेल्या मुलीचा हक्क 2005 नंतर आला.
वस्तुस्थिती : 2005 ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल आहे. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच पहिल्या वर्गाची वारस आहे. मृत्युपत्र नसेल, तर पत्नी आणि तिन्ही मुलं यांना प्रत्येकी वीस गुंठे. शेतकऱ्याची आई हयात असती, तर तिचाही सारखा हिस्सा धरून पाच वाटे झाले असते.

गैरसमज : मृत्युपत्र खोटं आहे, हे बहिणीनेच सिद्ध करायचं.
वस्तुस्थिती : मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच ते सिद्ध करायचं असतं. अंगठा असला म्हणून ते आपोआप रद्द होत नाही. आजारात हात थरथरतो. पण ज्याला सगळं मिळतं त्यानेच कागद टाइप करून घेतला, पत्नीला काहीच ठेवलं नाही आणि कारणही लिहिलं नाही, असं सगळं एकत्र आलं की संशय दाट होतो. तो फेडण्याची जबाबदारी थोरल्याची, हे सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये व्यंकटाचल अय्यंगार खटल्यात सांगितलं. फसवणूक किंवा जबरदस्तीचा थेट आरोप केला, तर तो मात्र करणाऱ्याने सिद्ध करायचा.

गैरसमज : दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत, म्हणजे झालं.
वस्तुस्थिती : प्रत्येक साक्षीदाराने अंगठा उठवताना पाहिलेलं हवं किंवा वडिलांनी त्याला तसं स्वतः सांगितलेलं हवं. साक्षीदाराची सहीही वडिलांच्या समोरच झालेली हवी. निदान एकाने कोर्टात येऊन दोन्ही सह्यांचं सांगावं लागतं. महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या जानकी भोईर खटल्यात (2002) आलेल्या साक्षीदाराला दुसऱ्याच्या सहीबद्दल सांगता आलं नाही, दुसऱ्याला बोलावलंच नाही. मृत्युपत्र टिकलं नाही. नोंदणीनेही संशय आपोआप फिटत नाही.

गैरसमज : सातबाऱ्यावर नाव चढलं, मालकी ठरली.
वस्तुस्थिती : फेरफार महसुली नोंद आहे. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयच मिटवतं. तरीही नोटीस आल्यावर गप्प बसू नका. पंधरा दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या, पोच घ्या. दवाखान्याचे कागद आणि वडिलांच्या बँकेतल्या जुन्या सह्या जपा.

मृत्युपत्र पडलं, तर वाटणी पुन्हा कायद्याने होते : बहिणीचे वीस गुंठे बहिणीचेच.