बिल मार्चचं, ट्रक एप्रिलचा

२०२४ साली ३१ मार्चला रविवार होता आणि त्याआधीच्या शुक्रवारी गुड फ्रायडेची सुट्टी. म्हणजे आर्थिक वर्षाच्या शेवटच्या तीन दिवसांत अनेक कारखान्यांना माल बाहेर काढायला एक शनिवारच काय तो मिळाला. अशा वर्षी एखाद्या कंपनीच्या विक्री खात्यात ३१ मार्चच्या तारखेची मोठमोठी बिलं ओळीने दिसली, तर लेखापरीक्षकाला विचारावंच लागतं : रविवारी हा माल कुणी चढवला, कोणत्या ट्रकमध्ये, आणि तो फाटकातून किती वाजता बाहेर पडला?

या प्रश्नाचं उत्तर शोधण्याच्या कामाला ऑडिटमध्ये ‘कट-ऑफ’ची तपासणी म्हणतात. ३१ मार्चच्या मध्यरात्री वर्षाची रेघ ओढली जाते. रेघेच्या अलीकडची विक्री या वर्षाची, पलीकडची पुढच्या वर्षाची. ऐकायला सोपं वाटतं, पण विक्री नेमकी कोणत्या क्षणी झाली, हे बिलावरच्या तारखेवरून ठरत नाही. मोठ्या कंपन्यांना लागू असलेलं ‘इंड एएस ११५’ हे लेखामानक सांगतं की मालावरचा ताबा गिऱ्हाइकाकडे गेला, की विक्री धरायची. लहान कंपन्यांना लागू असलेलं जुनं ‘एएस ९’ मालकीची जोखीम आणि लाभ गिऱ्हाइकाकडे कधी गेले, हे पाहायला सांगतं. बिल कुठल्याही दिवशी छापता येतं. माल मात्र एका ठरावीक दिवशीच हलतो.

बिलाची तारीख आणि माल सुटल्याची तारीख यांत थोडं अंतर पडणं ही लबाडी नव्हे. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे माल हलवण्याच्या वेळी किंवा त्याआधी बिल करावं लागतं. त्यामुळे संध्याकाळी बिल झालं आणि ट्रक दुसऱ्या दिवशी सुटला, हे रोज घडतं. जुलैत याने काही बिघडत नाही. ३१ मार्चला मात्र त्याच एका रात्रीने विक्रीचं वर्ष बदलतं.

फाटकावरची वही

तपासणीची सुरुवात वर्षअखेरीच्या साठामोजणीच्या दिवशीच होते. गोदामात माल मोजला जात असताना लेखापरीक्षक फाटकावर जाऊन शेवटच्या गेटपासचा क्रमांक, शेवटच्या डिलिव्हरी चलानचा क्रमांक आणि शेवटच्या बिलाचा क्रमांक टिपून ठेवतो. आवारात भरून उभे असलेले ट्रकही लिहून घेतो. हे क्रमांक त्याच दिवशी आपल्या हाताने टिपले, म्हणजे नंतर कुणाला मधे कागद घुसवता येत नाही.

पुढे काही आठवड्यांनी हिशेब तयार झाले, की रेघेच्या दोन्ही बाजूंची बिलं निवडली जातात. किती दिवसांची निवडायची, याचा एकच नियम नाही. माल गिऱ्हाइकाकडे पोचायला आठवडा लागत असेल, तर दोन दिवसांची बिलं पाहून काही कळणार नाही. मोठ्या रकमांची बिलं सगळी घेतात, बाकीच्यांतून नमुना काढतात.

आणि तपासणी दोन्ही दिशांनी करावी लागते. मार्चच्या बिलापासून निघून गेटपासपर्यंत गेलं, तर न गेलेल्या मालाची विक्री सापडते. गेटपासपासून निघून बिलापर्यंत आलं, तर गेलेल्या मालाची न दाखवलेली विक्री सापडते. विक्रीचा आकडा दाखवून बोनस मिळवायचा असेल किंवा बँकेकडून कर्जाची मर्यादा वाढवून घ्यायची असेल, तर एप्रिलची विक्री मार्चमध्ये ओढली जाते. उलट, घरच्या मालकीच्या धंद्यात यंदाचा प्राप्तिकर कमी करण्यासाठी मार्चची विक्री एप्रिलमध्ये ढकलण्याचा मोह असतो. एकाच दिशेने पाहणाऱ्याला या दोनांपैकी एक चूक कधीच दिसत नाही.

तीन बिलांचा हिशेब

समजा, चाकणजवळ औद्योगिक पंप बनवणारा एक कारखाना आहे. ३१ मार्च २०२४च्या आसपासची तीन बिलं आपण हातात घेतली. सगळ्या रकमा जीएसटी सोडून आहेत.

पहिलं बिल ३१ मार्चचं, २६.५० लाखांचं. करार ‘एक्स-वर्क्स’, म्हणजे कारखान्यातून माल उचलला की तो गिऱ्हाइकाचा. पण फाटकावरच्या वहीत हा ट्रक २ एप्रिलला सकाळी सुटलेला आहे. ही विक्री सरळ पुढच्या वर्षाची.

दुसरं बिल ३० मार्चचं, १८.४० लाखांचं, गुवाहाटीच्या गिऱ्हाइकाचं. ट्रक ३० तारखेलाच सुटला. बिल आणि गेटपास जुळतात, त्यामुळे घाईत असलेला माणूस बरोबरची खूण करून पुढे जाईल. पण करार वाचला तर तो ‘एफओआर डेस्टिनेशन’ निघतो : माल गिऱ्हाइकाच्या गोदामात सुखरूप उतरेपर्यंत जबाबदारी विकणाऱ्याची. गिऱ्हाइकाच्या सही-शिक्क्याची पोच ५ एप्रिलची आहे. ३१ मार्चच्या रात्री हा माल वाटेत होता आणि तो कारखान्याचाच होता. ही विक्रीही पुढच्या वर्षाची. निर्यातीत असंच होतं. ‘एफओबी’ करारात कंटेनर कारखान्यातून कधी निघाला याला महत्त्व नसतं. न्हावा शेवाला तो जहाजावर कधी चढला, हे बिल ऑफ लेडिंगवरून पाहावं लागतं.

तिसरं बिल उलट दिशेने सापडतं. नाशिकच्या गिऱ्हाइकाचा ७.२० लाखांचा माल २७ मार्चला एक्स-वर्क्स करारावर नुसत्या चलानवर गेला आणि बिल ३ एप्रिलला झालं. ही विक्री याच वर्षाची, पण या वर्षाच्या खात्यात नाही. शिवाय माल निघताना बिल न केल्याचा जीएसटीचा प्रश्न वेगळा उभा राहतो.

आता बेरीज. पहिली दोन बिलं मिळून ४४.९० लाख या वर्षातून काढायचे, तिसऱ्याचे ७.२० लाख मिळवायचे. विक्री निव्वळ ३७.७० लाखांनी फुगलेली होती.

नफ्यावर किती परिणाम झाला, हे मात्र साठ्याच्या यादीवर अवलंबून असतं. पहिल्याच बिलाचं पाहू. पंपांचा उत्पादन खर्च विक्रीच्या ७० टक्के, म्हणजे १८.५५ लाख धरू. बिल झालं म्हणून हे पंप मोजणीतून वगळले असतील, तर नफा ७.९५ लाखांनी जास्त दिसेल. पण पंप आवारातच उभे होते. मोजणाऱ्यांनी ते साठ्यात धरले आणि हिशेबनिसाने विकलेही, तर एकच माल दोनदा मोजला गेला. मग नफा पूर्ण २६.५० लाखांनी फुगतो. म्हणून चुकीचं बिल सापडल्यावर नुसती विक्री उलटवून भागत नाही. तो माल साठ्याच्या यादीत आहे का, हेही पाहावं लागतं.

एक गोष्ट व्यापाऱ्यांना गोंधळात टाकते. पहिल्या बिलाचा जीएसटी मार्चच्याच विवरणपत्रात राहतो, कारण बिल मार्चमध्ये झालं. कराची तारीख एक आणि विक्रीची दुसरी, असं होऊ शकतं. त्यामुळे ‘आम्ही जीएसटी भरला आहे’ हा विक्री मार्चमध्ये धरण्याचा पुरावा होत नाही. हिशेबात दोन्हींतला फरक समजावून देणारा ताळा ठेवला, की पुरे.

बाहेरचे साक्षीदार

फाटकावरची वही कंपनीचीच असते. जो बिलाची तारीख मागे नेतो, तो गेटपासची तारीखही मागे नेऊ शकतो. म्हणून खरा भरवसा कंपनीच्या हाताबाहेर तयार झालेल्या नोंदींवर ठेवायचा. वाहतूकदाराची लॉरी रिसीट, बाहेरच्या वजनकाट्याची पावती, टोलनाक्यावरची फास्टॅगची नोंद आणि गिऱ्हाइकाची पोच या तशा नोंदी.

ई-वे बिलाने हे काम बरंच सोपं केलं आहे. त्याचे दोन भाग असतात. ‘भाग अ’मध्ये मालाचा आणि बिलाचा तपशील असतो, ‘भाग ब’मध्ये वाहनाचा क्रमांक. ‘भाग अ’ ३१ मार्चला भरून ठेवता येतो, पण ट्रकचा क्रमांक २ एप्रिलला भरलेला असेल, तर माल कधी हलला हे उघड होतं. तसंच ई-इन्व्हॉइसचं. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्या व्यावसायिकांना दुसऱ्या व्यावसायिकाला दिलेलं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवावं लागतं आणि पोर्टलची पोच-तारीख त्यावर उमटते. बिलाची तारीख ३१ मार्च आणि पोच-तारीख ३ एप्रिल असेल, तर ते बिल मागाहून केलेलं असू शकतं.

माल हललाच नाही तर?

काही वेळा कंपनी सांगते, माल आमच्याकडेच आहे, पण गिऱ्हाइकाने तो विकत घेऊन ठेवलाय. असं खरोखर घडतं, म्हणून ‘इंड एएस ११५’ त्याला परवानगी देतं, पण कडक अटींवर : माल ठेवून घेण्यामागे खरं कारण हवं, तो गिऱ्हाइकाचा म्हणून वेगळा ओळखता यावा, लगेच नेता येईल असा तयार असावा आणि कंपनीला तो दुसऱ्या कुणाला देता येऊ नये. अमेरिकेतल्या सनबीम कंपनीने १९९७ साली नेमकी हीच वाट वापरली. बागेतल्या शेगड्यांची पुढच्या हंगामाची विक्री तिने सवलती देऊन आधीच धरली, माल गोदामातच होता. त्या वर्षी दाखवलेल्या १८ कोटी ९० लाख डॉलर नफ्यातले किमान ६ कोटी २० लाख डॉलर खोटे होते, असं तिथल्या रोखे नियामकाने २००१ साली म्हटलं. पुढच्या हंगामातली मागणी आधीच खर्ची पडलेली असल्यामुळे १९९८मध्ये सनबीमची विक्री कोसळली आणि कंपनी शेवटी दिवाळखोरीत गेली.

कट-ऑफच्या तपासणीलाही मर्यादा आहे. मार्चमध्ये माल खरोखर गेला, बिलं बरोबर, ताबाही गेला, पण विक्रेत्याने ‘नाही खपला तर परत घेऊ’ असं तोंडी सांगितलेलं असलं, तर तारखा जुळवून काहीच सापडणार नाही. म्हणून एप्रिल आणि मे महिन्यांतल्या क्रेडिट नोटा आणि परत आलेला माल पाहिल्याशिवाय मार्चची तपासणी पुरी होत नाही.

शेअर घेणाऱ्या सामान्य माणसाला गेटपास पाहायला मिळत नाहीत, पण काही खुणा त्यालाही दिसतात. सूचिबद्ध कंपनीच्या लेखापरीक्षण अहवालात ‘की ऑडिट मॅटर्स’ हा भाग असतो. तिथे विक्रीच्या कट-ऑफचा उल्लेख असेल, तर लेखापरीक्षकाने त्यासाठी काय काय तपासलं, हे लिहिलेलं असतं. ते वाचावं. मग मार्चची तिमाही आणि त्यानंतरची जूनची तिमाही शेजारी ठेवावी. दरवर्षी मार्चला विक्री उसळत असेल, जूनला खचत असेल आणि ३१ मार्चची येणी विक्रीपेक्षा वेगाने वाढत असतील, तर त्यामागे धंद्याचा हंगाम असू शकतो. पण तसा हंगाम नसलेल्या धंद्यात हे दिसलं, तर वार्षिक सभेत उभं राहून विचारावं : मार्चमध्ये दाखवलेल्या विक्रीपैकी किती माल एप्रिलमध्ये पोचला, आणि किती परत आला?