पास सुटला तेव्हा कोण कुठे होता?

२० नोव्हेंबर २०२२, भारतात रात्रीचे साडेनऊ. कतारमधल्या विश्वचषकाचा पहिलाच सामना, यजमान कतार विरुद्ध इक्वेडोर. तिसऱ्याच मिनिटाला इक्वेडोरच्या एनर व्हॅलेन्सियाने हेडरने गोल केला, सगळे आनंदाने धावत सुटले आणि थोड्या वेळाने गोल रद्द झाला. कारण ऑफसाइड. टीव्हीसमोर बसलेल्या अनेकांना यात काळंबेरं दिसलं, कारण व्हॅलेन्सियाच्या पुढे कतारचे खेळाडू दिसत होते. निर्णय मात्र बरोबर होता. का, ते कळण्यासाठी आधी एक साधा पास नीट पाहायला हवा.

समजा, दहा नंबरचा खेळाडू बॉल घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपासून ३५ मीटरवर उभा आहे. त्याचा साथीदार, नऊ नंबर, गोलरेषेपासून २४ मीटरवर आहे. समोरच्या संघाचा गोलकीपर गोलपाशी आहे आणि त्याच्या अलीकडचा बचावपटू २२ मीटरवर. या बचावपटूच्या पायातून मैदानाच्या रुंदीभर एक आडवी रेषा आखलेली आहे असं समजा. मैदानावर ती कुठेही नसते, पण पुढचा सगळा वाद तिच्याभोवतीच होतो.

दहा नंबर पास देतो. पायाचा बॉलला पहिला स्पर्श झाला, त्या क्षणी चित्र थांबवा. नऊ नंबर २४ मीटरवर, रेषा २२ मीटरवर. म्हणजे तो अजून रेषेच्या अलीकडे आहे. आता चित्र पुढे जाऊ द्या. बॉल हवेत असताना नऊ नंबर जोरात धावतो, बचावपटूला मागे टाकतो आणि गोलपासून १२ मीटरवर बॉल गाठतो. त्याच्यापुढे आता फक्त गोलकीपर. नवा प्रेक्षक इथेच ओरडतो, ‘अरे, हा तर एकटाच पुढे आहे!’ आहे ना, पण तो नंतर पुढे गेला. पास सुटताना तो मागे होता, एवढंच पंच पाहतात.

आता उलट प्रकार. तेच चित्र, पण पास सुटताना नऊ नंबर २१ मीटरवर, रेषेच्या एक मीटर पलीकडे. बॉल थोडा आखूड पडतो, म्हणून तो मागे येतो आणि २३ मीटरवर, बचावपटूच्या अलीकडे, बॉल घेतो. बघणाऱ्याला वाटतं, हा तर चांगला मागे आहे. तरी झेंडा वर जातो. मागे येऊन बॉल घेतला म्हणून आधीची जागा पुसली जात नाही. आणि पास सुटताना दोघे अगदी एका रेषेत असतील, तर ऑफसाइड नाही. ही सवलत १९९० पासूनची.

नियमाची उरलेली कलमं थोडक्यात उरकता येतात. आपल्या अर्ध्या मैदानात उभ्या असलेल्याला ऑफसाइड लागत नाही. थ्रो-इन, कॉर्नर आणि गोलकिकवरून थेट बॉल घेतला तरी लागत नाही. फ्री किकवर मात्र लागतो. बॉल स्वतःच खेळाडूच्या पुढे असेल, म्हणजे पास मागे दिला असेल, तरी प्रश्न नाही. हात मोजले जात नाहीत, कारण हाताने गोल करता येत नाही. डोकं, धड आणि पाय मात्र मोजतात. बूट जरी रेषेपलीकडे असला तरी पुरे.

पण ती रेषा खरोखर कुणाची? इथेच बहुतेकांची गल्लत होते. नियम ‘शेवटचा बचावपटू’ म्हणत नाही, ‘शेवटून दुसरा प्रतिस्पर्धी’ म्हणतो. गोलकीपरही त्या मोजणीत एक साधा खेळाडूच. तो बहुधा सगळ्यात मागे असतो, म्हणून दुसरा म्हणजे बचावपटू असं आपण धरून चालतो. कतारच्या सामन्यात नेमकं तेच बिघडलं. फ्री किकवर उंच बॉल आला, गोलकीपर तो पकडायला गोल सोडून पुढे आला आणि इक्वेडोरच्या फेलिक्स तोरेसने त्याच्याबरोबर उडी मारून बॉलला डोकं लावलं. त्या स्पर्शाच्या क्षणी गोलकीपर मागे राहिलाच नव्हता. बॉल गेला मिकाएल एस्त्रादाकडे, आणि एस्त्रादाच्या पुढे कतारचा एकच खेळाडू उरला होता. शेवटून दुसऱ्याच्या रेषेपलीकडे एस्त्रादाचा पाय गेला होता. व्हॅलेन्सियाचा गोल त्याच्या नंतरचा, पण मधली कडीच चुकली होती. व्हॅलेन्सियाकडे बघत बसलेल्यांना हे दिसणं शक्यच नव्हतं.

रेषेपलीकडे नुसतं उभं राहणं हा मात्र गुन्हा नाही. तिथे असलेल्याने बॉल खेळला, गोलकीपरची नजर अडवली, बचावपटूशी झोंबाझोंबी केली, किंवा खांबाला वा गोलकीपरला लागून परतलेल्या बॉलचा फायदा घेतला, तरच शिट्टी. म्हणून कधी कधी एखादा खेळाडू सरळ ऑफसाइडला असतो, हात वर करून थांबतो, आणि मागून आलेला दुसराच गोल करतो. तो गोल धरला जातो. ‘नजर अडवली की नाही’ यावर मात्र अजूनही भांडणं होतात, आणि माझ्या मते ती होतच राहतील, कारण ते सेंटिमीटरने मोजता येत नाही.

शिट्टी झालीच, तर प्रतिस्पर्ध्याला गुन्हा घडला त्या जागेवरून अप्रत्यक्ष फ्री किक मिळते. तीवरून थेट गोल होत नाही, मध्ये आणखी कुणाचा तरी स्पर्श व्हावा लागतो.

आता कडेला पळणाऱ्या साहाय्यक पंचाचा विचार करा. त्याला शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेतच राहावं लागतं. तो मीटरभर मागेपुढे झाला, तर तिरक्या नजरेने बरोबरीचा खेळाडू पुढे दिसू लागतो. शिवाय पास ३० मीटर दूर सुटतो आणि रेषा त्याच्यासमोर असते. दोन ठिकाणं एकदम बघता येत नाहीत. फॉरवर्ड पुढे आणि बचावपटू मध्यरेषेकडे, असे दोघे उलट दिशांना सेकंदाला पाच मीटर वेगाने पळत असतील, तर नजर वळवायला लागणाऱ्या दशांश सेकंदात त्यांच्यातलं अंतर मीटरभर बदलतं. चूक व्हायला तेवढं पुरे. कतारमध्ये म्हणूनच स्टेडियमच्या छताखाली खेळाडूंवर लक्ष ठेवणारे १२ कॅमेरे आणि बॉलच्या आत सेकंदाला ५०० वेळा माहिती देणारा सेन्सर बसवला होता. बॉलला पाय नेमका कधी लागला, हे सेन्सरने कळतं.

बचावपटू हीच रेषा हत्यार म्हणूनही वापरतात. पास सुटायच्या आत सगळे एकदम पुढे सरकतात आणि समोरचा फॉरवर्ड आपसूक ऑफसाइडला पडतो. १९२५ पूर्वी रेषा शेवटून तिसऱ्याची असे, आणि न्यूकॅसलचा बिल मॅक्क्रॅकन ही चाल इतकी वापरत असे की गोल कमी झाले. नियम दोनवर यायला हेच कारण. चाल मात्र संपली नाही. कतारमध्येच २२ नोव्हेंबरला सौदी अरेबियाने अर्जेंटिनाविरुद्ध बचावाची रांग जवळपास मध्यरेषेपर्यंत पुढे आणली. पहिल्या अर्ध्यातच अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाले, एक मेस्सीचा आणि दोन लाउतारो मार्तिनेझचे. खेळ धोक्याचा होता. एकाने जरी पाऊल उशिरा टाकलं असतं, तरी गोलकीपरसमोर सगळं मैदान मोकळं झालं असतं. सौदी २–१ ने जिंकले.