चौकशी ते ऑर्डर : इंटिरियर व्यवसायातील पाठपुराव्याची नोंद

घराच्या अंतर्गत सजावटीचे काम ठरायला वेळ लागतो. बहुतेक ग्राहक फ्लॅटचा ताबा मिळण्याच्या कितीतरी आधी चौकशी करतात. तेव्हा भिंती उभ्या असतात, पण किल्ली हातात नसते, गृहकर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात आणि बजेट पक्के नसते. चौकशी आणि ऑर्डर यांत कधी दोन आठवडे जातात, कधी आठ महिने. एवढ्या काळात दोन-तीन माणसांच्या छोट्या फर्मला प्रत्येक चौकशी लक्षात ठेवणे जमत नाही. फोनमधला नंबर, व्हॉट्सअॅपवर आलेला फ्लॅटचा नकाशा आणि वहीत लिहिलेले बजेट अशा तीन ठिकाणी माहिती विखुरते, आणि ताबा मिळतो त्या आठवड्यात ग्राहक दुसऱ्याच डिझायनरकडे गेलेला असतो.

ही माहिती एका जागी ठेवण्यासाठी ग्राहक-व्यवस्थापनाची सॉफ्टवेअर असतात. त्यांना सीआरएम म्हणतात. त्यांतील काही मोफत मिळतात. चेन्नईच्या झोहो कंपनीच्या झोहो सीआरएमची मोफत आवृत्ती तीन जणांपर्यंत वापरता येते. मालक, एक डिझायनर आणि साइट पाहणारा सुपरवायझर एवढ्या फर्मला ती पुरते. ती ब्राउझरमध्ये चालते आणि मोबाइल अॅपवरही, त्यामुळे साइटवरून निघता निघता नोंद करता येते.

यात माहितीचे दोन टप्पे असतात. नुसती चौकशी `Leads` या विभागात जाते. काम खरोखर होण्याजोगे आहे असे दिसले की त्या नोंदीवरचे `Convert` बटण दाबायचे. त्यातून ग्राहकाची कायमची नोंद `Contacts` मध्ये आणि त्या कामाची स्वतंत्र नोंद `Deals` मध्ये तयार होते. ही विभागणी उपयोगाची आहे. ‘किचनचा साधारण रेट काय?’ एवढेच विचारणारा माणूस आणि कोटेशनवर घासाघीस करणारा माणूस एकाच यादीत राहिले, तर हातात नक्की किती काम आहे हे कळत नाही. इंटिरियरसाठी सोपा नियम असा : साइटवर जाऊन मापे घेतली की `Convert` करावे, त्याआधी नाही.

समजा, पुण्यातील एका फर्मकडे जून महिन्यात वाकडच्या एका टू बीएचकेची चौकशी आली. ती नोंदवताना पाच गोष्टी लिहिणे पुरेसे आहे : नाव आणि नंबर, चौकशी कुठून आली, कामाची व्याप्ती, बजेट आणि ताब्याची तारीख. चौकशीचे मूळ `Lead Source` या रकान्यात येते; बाकीचे तपशील `Description` मध्ये साध्या वाक्यांत लिहिता येतात. येथे मॉड्युलर किचन, दोन वॉर्डरोब आणि हॉलमधले फॉल्स सीलिंग हवे आहे, बजेट सहा लाख सांगितले आहे आणि बिल्डरने ताबा ऑक्टोबरमध्ये कबूल केला आहे. फोन नवऱ्याने केला, पण किचनचा निर्णय पत्नी घेणार, हेही लिहून ठेवायचे. पुढे कोणाशी बोलायचे ते त्यावर ठरते.

या ग्राहकाला दर आठवड्याला फोन करून उपयोग नाही, कारण ऑक्टोबरपर्यंत तो काहीच ठरवू शकत नाही. म्हणून नोंदीची स्थिती `Contact in Future` ठेवायची आणि `Tasks` मध्ये 15 सप्टेंबर तारखेचे एक काम टाकायचे : ‘ताब्याची तारीख विचारणे, नमुन्याचे फोटो पाठवणे’. सप्टेंबरमध्ये फोन केल्यावर कळते की ताबा जानेवारीवर गेला. फोन ठेवल्याबरोबर ते टिपणात लिहायचे, जुने काम पूर्ण झाले अशी खूण करायची आणि डिसेंबरच्या मध्याचे नवे काम टाकायचे. या व्यवसायात पाठपुराव्याचे वेळापत्रक ताब्याच्या तारखेवर बेतावे लागते. चौकशीला किती दिवस झाले याला फारसा अर्थ नसतो.

जानेवारीत किल्ली मिळते, मापे घेतली जातात आणि नोंद `Deals` मध्ये येते. तेथे प्रत्येक कामाला रक्कम, अपेक्षित तारीख आणि टप्पा द्यावा लागतो. गरजा समजून घेणे हा `Needs Analysis`, कोटेशन दिल्यावर `Proposal/Price Quote`, दर आणि साहित्यावर बोलणी सुरू झाली की `Negotiation/Review`, आणि शेवटी `Closed Won` किंवा `Closed Lost`. टप्पा बदलायचा तो ग्राहकाकडून काही घडले तरच. ‘आवडलं, कळवतो’ म्हणजे ऑर्डर नव्हे. टोकनची रक्कम खात्यात जमा झाली तरच `Closed Won`. ही शिस्त पाळली नाही तर यादीतले आकडे फुगतात आणि त्या भरवशावर सुतारांची टीम अडकून पडते.

वाकडच्या या कामाचे कोटेशन सात लाख चाळीस हजारांचे होते, म्हणजे बजेटपेक्षा एक लाख चाळीस हजारांनी जास्त. ते पाठवताना त्याच बैठकीत तीन दिवसांनंतरचे काम टाकायचे. तिसऱ्या दिवशी ग्राहक म्हणतो, एवढे जमणार नाही. मग एक वॉर्डरोब दुसऱ्या टप्प्यात ढकलून आणि किचनच्या शटर्सना अॅक्रिलिकऐवजी लॅमिनेट धरून सुधारित कोटेशन जाते. कोणत्या तारखेच्या कोटेशनमध्ये काय धरले होते, हे टिपणात असले तर महिन्याभराने ‘तुम्ही तर अॅक्रिलिक म्हणाला होतात’ हा वाद उभा राहत नाही.

पद्धत कुठे बिघडते हेही ठरलेले असते. सर्वांत मोठा दोष म्हणजे पुढचे काम न टाकलेली उघडी नोंद. दर सोमवारी यादी उघडून दोन गोष्टी पाहाव्यात : कोणत्या नोंदीला पुढची तारीख नाही, आणि कोणत्या कामाची अपेक्षित तारीख उलटून गेली तरी ते उघडेच आहे. अशा प्रत्येकाला त्याच दिवशी फोन करावा, नाहीतर `Closed Lost` करून कारण लिहावे. दुसरा दोष दुबार नोंदींचा. पती-पत्नी वेगवेगळ्या नंबरवरून फोन करतात आणि एकाच घराच्या दोन नोंदी होतात. म्हणून नवी नोंद करण्याआधी नंबर आणि सोसायटीचे नाव शोधून पाहावे. तिसरा दोष व्हॉट्सअॅपचा : तिथले बोलणे आपोआप इथे येईल असे धरून चालू नये. महत्त्वाचे तेवढे हाताने दोन ओळींत लिहावे लागते.

मोफत आवृत्तीत आपोआप चालणाऱ्या सोयी मर्यादित असतात, आणि मापे, साहित्याची यादी, सुतारांची हजेरी, साइटचा खर्च हे तिचे काम नाही. त्यासाठी वेगळी एक्सेल शीट असावी. महिन्यातून एकदा सगळ्या नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून घ्याव्यात, म्हणजे पुढे दुसरे सॉफ्टवेअर घेतले तरी माहिती सोबत येते.

सहा-आठ महिन्यांनी या नोंदींतून व्यवसायाचे चित्र दिसू लागते. `Lead Source` नुसार मिळालेली कामे वेगळी काढली की जाहिरातीतून आलेल्या चौकशा अधिक होत्या, की जुन्या ग्राहकांनी पाठवलेल्यांपैकी अधिक कामे पक्की झाली, हे अंदाजाने सांगावे लागत नाही. गमावलेल्या कामांची कारणे वाचली की दर आड आला की कोटेशनला उशीर झाला, तेही कळते. मात्र हे सगळे एकाच सवयीवर उभे आहे : प्रत्येक फोननंतर दोन ओळींची नोंद आणि पुढची तारीख. ती सवय नसेल तर महागडे सॉफ्टवेअरही पत्त्यांची वही ठरते.