वरून फॉर्मल, आतून गादी

साड्यांच्या किंवा दागिन्यांच्या शोरूममध्ये काम करणाऱ्याला शटर वर गेल्यापासून हिशेब लागेपर्यंत बसायला क्वचितच मिळतं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात, सैल होतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात. काउंटरमागे एका जागी उभं राहिलं की हे काम मंदावतं, पाय सुजतात आणि सकाळी नीट बसणारा बूट संध्याकाळी चावायला लागतो. त्यात ग्रॅनाइट किंवा चकचकीत टाइल जराही दबत नाही. सगळा भार टाचेवर आणि चवड्यावर येतो.

म्हणून बूट संध्याकाळी, पाय सुजलेले असताना घ्यावा. समजा, दुकानाच्या नियमाप्रमाणे काळे फॉर्मल बूटच हवेत. मग लेसचा बूट बघा. तो सकाळी आवळता येतो, दुपारनंतर सैल करता येतो. बिनलेसचा बूट पायात टिकायचा तर घट्टच घ्यावा लागतो. उभं राहून पाहा: अंगठ्यापुढे बोटभर जागा राहायला हवी आणि चवडा दोन्ही बाजूंनी दबता कामा नये.

आता बुटात हात घाला. स्वस्त फॉर्मल बुटात कडक पुठ्ठ्यावर पातळ फोम चिकटवलेला असतो. अंगठ्यानं दाबला की लगेच पुठ्ठा लागतो. हातानं मऊ लागणारा फोमही फसवतो, कारण शरीराच्या वजनाखाली तो पार चपटा होतो. दाबल्यावर थोडा विरोध करणारा आणि बोट काढताच वर येणारा हवा. आतली गादी सुटी निघत असेल तर उत्तम. ती काढून चार-पाच मिलिमीटरची चांगली गादी घालता येते. मात्र जुनीवरच नवी ठेवली तर पाय वर उचलला जातो, टाच निसटते आणि बोटं वरच्या चामड्याला घासतात.

सोल रबराचा किंवा पीयूचा, बारीक नक्षीचा असावा. गुळगुळीत चामडी सोल पॉलिश केलेल्या फरशीवर घसरतो, नुकतीच पुसलेली असेल तर जास्तच. बूट हातात धरून वाकवा. तो चवड्याशी वाकावा. मधोमध दुमडला तर कमानीला आधार नाही. टाच दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा उंच नको, नाहीतर भार पुढे सरकतो.

गादीत टाचेचा खड्डा कायमचा पडला की ती बदलायची वेळ झाली. वरून बूट नवा दिसत असला तरी. दोन जोड आलटून-पालटून वापरले तर घाम सुकतो आणि फोमलाही उसंत मिळते.

सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्या पावलाला टाचेत कळ येत असेल, तर गादी बदलत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवावं. आणि उत्तम बूटही बसण्याची भरपाई करत नाही. केरळनं 2018 मध्ये आणि तामिळनाडूनं 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांसाठी बसण्याची सोय करणं मालकांना कायद्यानं बंधनकारक केलं, ते याचसाठी.