बँकेची फाइल आणि एका पानाचं टिपण

महिनाअखेरीला हिशेब विभागात एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "मॅडम, ती बँकेची फाइल कशी चढवायची?" ज्यांना माहीत असतं त्या मॅडम हातातलं काम टाकून उठतात, दोन-तीन बटणं दाबून देतात आणि परत जागेवर येतात. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. हे थांबवायला एका पानाचं टिपण पुरतं. मात्र ते नीट लिहिलेलं हवं.

एका वितरकाचं कार्यालय डोळ्यांसमोर आणू. गिऱ्हाइकांचे पैसे यूपीआयने थेट खात्यात जमा होतात. बँकेच्या संकेतस्थळावरून महिन्याचं स्टेटमेंट सीएसव्ही फाइल म्हणून उतरवायचं आणि कार्यालयातल्या एका छोट्या प्रोग्रॅमला द्यायचं. संदर्भ क्रमांक पाहून तो प्रत्येक जमा रक्कम तिच्या बिलाशी जुळवतो.

याचं टिपण लिहायला बसलं की प्रोग्रॅम का बनवला, आत तो कसा चालतो, हे सांगायचा मोह होतो. तो आवरावा. तांत्रिक लेखनाची 'डायटॅक्सिस' नावाची मांडणी करणारे डॅनिएल प्रोचिदा काम करून दाखवणारं टिपण आणि समजावून सांगणारा लेख वेगळे ठेवायला सांगतात, आणि ते मला पूर्ण पटतं. टिपण उघडणाऱ्यासमोर काम खोळंबलेलं असतं. म्हणून शीर्षकही कामाचंच द्यावं: 'बँकेचं स्टेटमेंट चढवून जमा रकमा बिलांशी जुळवणे'.

खरी अडचण असते ती माहीतगाराच्या हाताला इतक्या सवयीच्या झालेल्या गोष्टींची, की त्या लिहायचं त्याला सुचतच नाही. आपल्या उदाहरणातल्या मॅडम उतरवलेली फाइल कधीच उघडत नाहीत, थेट चढवतात. नवा माणूस मात्र "बरोबर फाइल आहे ना" म्हणून तिच्यावर डबल क्लिक करतो आणि ती एक्सेलमध्ये उघडते. यूपीआयचा संदर्भ क्रमांक 12 अंकी असतो. एवढी मोठी संख्या एक्सेल आखडून दाखवतं, म्हणजे 412345678901 च्या जागी 4.12346E+11 दिसतं. नुसतं पाहून फाइल बंद केली तर काही बिघडत नाही. पण सेव्ह केली, की सीएसव्हीमध्ये जे पडद्यावर दिसतं तेच लिहिलं जातं आणि मूळ अंक कायमचे जातात. मग एकही यूपीआय नोंद जुळत नाही, आणि दोष प्रोग्रॅमवर येतो.

हे कळलं की टिपणातली सर्वांत मोलाची ओळ कोणती, तेही कळतं. पायऱ्या अशा लिहिता येतील:

1. बँकेच्या संकेतस्थळावरून मागच्या महिन्याचं स्टेटमेंट CSV प्रकारात उतरवा. फाइल एक्सेलमध्ये उघडू नका.
2. प्रोग्रॅममध्ये `Upload` दाबून तीच फाइल निवडा. पडद्यावर नोंदींची संख्या दिसेल. ती स्टेटमेंटमधल्या नोंदींइतकी आहे का, ते बँकेच्या संकेतस्थळावर पाहा.
3. `Match` दाबा. जुळलेल्या नोंदी हिरव्या आणि न जुळलेल्या लाल दिसतील.
4. पुढचं बटण दाबल्यावर नोंदी मागे घेता येत नाहीत. लाल नोंदी आधी तपासा आणि मगच `Post` दाबा.

सगळ्या यूपीआय नोंदी लाल दिसल्या आणि क्रमांकात `E+11` असेल, तर ती फाइल टाकून द्या आणि बँकेतून नवी उतरवा.

इथे प्रत्येक पायरीत काय करायचं हे आहे, आणि जिथे चूक होऊ शकते तिथे काय दिसायला हवं तेही आहे. बटणाचं नाव पडद्यावर जसं आहे तसंच दिलं आहे. 'अपलोडचा पर्याय निवडा' असं लिहिलं असतं तर वाचणारा तो पर्याय शोधत बसला असता. धोक्याची सूचना `Post` दाबायच्या आधी आली आहे, कारण माणूस एक ओळ वाचतो, तेवढं करतो आणि मगच पुढची ओळ वाचतो. त्यानंतर आलेली सूचना उशिरा पोचते.

टिपण झालं की हा प्रोग्रॅम कधीच न वापरलेल्या सहकाऱ्याला द्या आणि शेजारी गप्प बसा. त्याने काही विचारलं तरी उत्तर देऊ नका, प्रश्न लिहून घ्या. "बँकेचं लॉगिन कुणाकडे आहे?" हा प्रश्न बहुधा पहिल्याच मिनिटाला येईल, आणि त्याचं उत्तर पहिल्या पायरीच्याही वर लिहावं लागेल. माहिती अपुरी कुठे पडते, ते त्याचा हात थांबतो तिथे कळतं. स्वतः पुन्हा पुन्हा वाचून हे सापडत नाही, कारण राहिलेली जागा आपलं डोकं आपोआप भरतं.

टिपण मेलमध्ये ठेवू नका, तिथे ते हरवतं. शक्य असेल तर प्रोग्रॅमच्या पहिल्याच पडद्यावर त्याचा दुवा द्या. तळाशी शेवटच्या दुरुस्तीची तारीख आणि अडल्यास कुणाला विचारायचं ते लिहा. बँकेने फाइलचे रकाने बदलले किंवा एखाद्या बटणाचं नाव बदललं, तर टिपण त्याच दिवशी दुरुस्त करा. एक पायरी चुकीची निघाली, की लोक पुन्हा उठून विचारायला येऊ लागतात.